‘बरं’ आणि ‘बरं.’

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मुलीचा बंगळुरूहून मेसेज आला, ‘आई, रजा मंजूर नाही झाली गं. यंदा यायला जमेलसं वाटत नाही’. मी कणीक मळत होते. एका बोटाने ‘बरं.’ एवढं टाइप केलं आणि फोन बाजूला ठेवला. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पडलेला. ‘आई, रागावलीस का?’

मी तीस वर्षं प्रुफं तपासली. वाक्य संपलं की पूर्णविराम, यात राग कसला, हे मला कळेना. पण तेव्हापासून या टिंबाचा शोध घेतला आणि लक्षात आलं की मुलीला जे जाणवलं ते तिच्या एकटीच्या मनाचं नव्हतं.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 126 विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले. एकजण काहीतरी सांगून बोलावतो आणि दुसरा एका शब्दात उत्तर देतो, ‘ओके’, ‘शुअर’ किंवा ‘या’. काही उत्तरांपुढे पूर्णविराम होता, काहींपुढे नव्हता. उत्तर किती मनापासून दिलेलं वाटतं, हे विद्यार्थ्यांनी ठरवायचं होतं. टिंब असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. फरक मोठा नव्हता, पण होता. मला सगळ्यात मोलाची वाटते ती प्रयोगाची दुसरी बाजू. हेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या रूपात दाखवले, तेव्हा टिंबाने काहीच फरक पडला नाही. म्हणजे खोट टिंबात नाही. ते कुठे बसलं आहे, यावर सारं अवलंबून आहे. हे संशोधन 2016 साली प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी याच गटाने पुन्हा प्रयोग केले, तेव्हाही एका शब्दाच्या उत्तरापुढचं टिंब वाचणाऱ्यांना तुटक आणि नकारात्मक वाटलं.

असं का व्हावं? पूर्णविरामाचं मूळ काम आठवावं लागेल. मोडीतली जुनी पत्रं पाहिली तर शब्दही न तोडता ओळ सलग धावते. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात. त्याचं बरंचसं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. सलग मजकुरात एक विधान कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे डोळ्याला सांगणं हे टिंबाचं काम. चिठ्ठीतही ते तेच करतं. पण मोबाइलवर आपण मेसेज पाठवतो तेव्हा प्रत्येक मेसेजला स्वतःची चौकट असते. चौकट संपली की वाक्य संपलं. टिंबाला करायला काही उरत नाही. आणि काम नसताना एखादी गोष्ट मुद्दाम तिथे ठेवलेली दिसली की माणूस तिचा दुसरा अर्थ शोधतो. वाचणाऱ्याच्या कानात खाली उतरलेला, दार लोटून घेतल्यासारखा सूर उमटतो.

म्हणूनच मेसेजची लांबी महत्त्वाची. समजा, मी मुलीला असं लिहिलं असतं: ‘बरं. रजाच नाही तर तू तरी काय करणार. मोदक पाठवते कुणाबरोबर तरी.’ यात तीन टिंबं आहेत, पण एकही बोचत नाही, कारण ती तिन्ही आपलं जुनं काम करत आहेत. शिवाय मजकूर पुरेसा आहे. मोदकांनी सूर सांगून टाकला आहे. एका शब्दाच्या उत्तरात मात्र सूर सांगणारं दुसरं काही नसतं, म्हणून सगळा भार त्या एका ठिपक्यावर येतो.

बोलताना मराठी माणूस हा सूर कशाने सांगतो? मला वाटतं, बारक्या शब्दांनी. ‘येते’ आणि ‘येते हं’, ‘चालेल’ आणि ‘चालेल की’, ‘जेव’ आणि ‘जेव ना’. अर्थ तोच, पण हं, की, ना, गं, रे आले की बोलणं जवळचं होतं. हे शब्द माहितीत काही भर घालत नाहीत, त्यामुळे घाईत टाइप करताना सर्वांत आधी तेच गळतात.

ती रिकामी जागा बऱ्याचदा इमोजी घेतो. तो मेसेजच्या शेवटी येतो, नेमका जिथे एरवी टिंब किंवा ‘हं’ आला असता तिथे. पण ‘हं’ सगळ्यांना सारखा ऐकू येतो, इमोजी सगळ्यांना सारखा दिसत नाही. फोन प्रत्यक्षात चित्र पाठवत नाही, एक क्रमांक पाठवतो. चित्र काढते समोरच्याच्या फोनची कंपनी. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली 😁 या इमोजीची वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं लोकांपुढे ठेवली. इतर कंपन्यांचा चेहरा लोकांना आनंदी वाटला, पण ॲपलच्या त्या वेळच्या चित्रातला चेहरा दात आवळल्यासारखा होता आणि तो नकारात्मक वाटला. ॲपलने पुढे ते चित्र बदललं. चित्र सारखं असलं तरी वय आड येतं. माझ्या पिढीला 🙂 म्हणजे साधं हसू. मुलीच्या मैत्रिणींना ते ओढूनताणून आणलेलं वाटतं.

आणि लिहिणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या मनात स्वतःचा आवाज चालू असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली हे मोजलं. काही विधानं गंभीर, काही उपरोधिक. ती ईमेलने किंवा आवाजातून पोचवायची. शंभरातली अठ्ठ्याहत्तर तरी समोरच्याला बरोबर कळतील, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून साधारण 73 कळली. ईमेलमधून 56, आणि नुसतं नाणं उडवलं असतं तरी 50 बरोबर आली असती.

हे प्रयोग इंग्रजीत झालेले आहेत, टिंबाचे तर अमेरिकन विद्यार्थ्यांवर. ते मराठी घरात जसेच्या तसे लागू करू नयेत. ज्यांना शाळेत टिंबावाचून वाक्य पुरं होत नाही असं शिकवलं, ते सवयीने टिंब देतात. त्यांच्या टिंबात काही शोधायला गेलं तर चूक होते. ओळखायची खूण एकच: वर सरकवून त्याच माणसाचे जुने मेसेज पाहायचे. नेहमीचं असेल ते सोडून द्यायचं, बदललं असेल तिथे थांबायचं.

हे सगळं मी मुलीला उत्साहाने सांगितलं, माझे सहा महिन्यांचे मेसेज काढून दाखवले. ‘पोचले.’ ‘जेवले.’ ‘हो.’ सगळीकडे टिंबं.

‘टिंबाचं मला माहीतच आहे गं आई,’ ती म्हणाली. ‘तू नेहमी “बरं गं.” लिहितेस. त्या दिवशी गं नव्हता.’

मी पुन्हा वर जाऊन पाहिलं. तिचं खरं होतं. आणि त्या दिवशी कणीक मळताना मला वाईट वाटलं होतं, हेही.