एका ग्रेनमध्ये नऊ मायक्रोग्रॅम

माणसाची निरोगी थायरॉइड ग्रंथी दिवसाला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-४ आणि फक्त ६ मायक्रोग्रॅमच्या आसपास टी-३ रक्तात सोडते. म्हणजे एका टी-३ मागे चौदाएक टी-४. डुकराच्या वाळवलेल्या थायरॉइडची अमेरिकेत मिळणारी एक ग्रेनची, म्हणजे सुमारे ६० ते ६५ मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर तिच्या लेबलवर ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असं लिहिलेलं असतं. इथे एकामागे चारच. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी ही गोळी डुकराच्या दृष्टीने नैसर्गिक आहे, माणसाच्या नाही.

सुरतच्या औषध दुकानात ही गोळी सहसा दिसत नाही. उधना-लिंबायतमधल्या खानदेशी घरांत आणि वराछातल्या सौराष्ट्री घरांतही सकाळी उपाशीपोटी घेतली जाते ती लेव्होथायरॉक्सिनची कृत्रिम गोळी, २५, ५० किंवा १०० मायक्रोग्रॅमची. घेणारे कमी नाहीत. आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुरत नव्हतं, पण मुंबई आणि अहमदाबाद होती, आणि थायरॉइड मंदावलेल्यांचं एकूण प्रमाण निघालं जवळपास ११ टक्के. मात्र दक्षिण गुजरातमधल्या कितीतरी कुटुंबांचा एक पाय अमेरिकेत असतो, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरने लिहून दिलेली ग्रेनची बाटली बॅगेतून इथे पोहोचणं अवघड नाही. शाकाहारी घरात ती डुकराच्या ग्रंथीची आहे हे अनेकदा कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं, कारण लेबलवर बारीक अक्षरात ‘पोर्साइन’ एवढंच असतं.

पण खरी अडचण आहाराची नाही, टी-३ ची आहे. टी-४ हा साठा, टी-३ हे काम करणारं संप्रेरक. शरीराला लागणाऱ्या टी-३ पैकी ८० टक्क्यांच्या आसपास भाग ग्रंथी बनवतच नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू गरजेप्रमाणे टी-४ मधून तो तयार करतात. ग्रंथी नसलेल्या माणसांतही हे रूपांतर होतं असं ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं. फक्त टी-४ देऊन भागेल या विश्वासाला तिथून पक्का आधार मिळाला. टी-४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं, टी-३ चं जेमतेम एका दिवसाचं. म्हणून लेव्होथायरॉक्सिनची एखादी गोळी चुकली तरी रक्तात फारशी हालचाल होत नाही. ग्रंथीच्या गोळीतला टी-३ मात्र दोन ते चार तासांत शिखर गाठतो आणि संध्याकाळपर्यंत उतरू लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. ग्रंथी काढून टाकलेली, ६० किलो वजनाची बाई. किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम या नेहमीच्या मापाने तिला ९६, म्हणजे व्यवहारात १०० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन लागेल. जुन्या तक्त्यांत एक ग्रेन बरोबर १०० मायक्रोग्रॅम असं धरलेलं असतं. पण लेबलची बेरीज करून पाहा: टी-३ ला टी-४ च्या तिप्पट-चौपट वजन दिलं तरी ३८ अधिक २७ ते ३६, म्हणजे ६५ ते ७४ एवढंच भरतं. प्रत्यक्षात टीएसएचवर होणारा परिणाम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो. समजा डॉक्टरांनी मात्रा दीड ग्रेनवर नेली. आता तिला रोज ५७ मायक्रोग्रॅम टी-४ आणि १३.५ मायक्रोग्रॅम टी-३ मिळतोय, आणि हा टी-३ ग्रंथी दिवसभरात थोडाथोडा सोडते त्याच्या दुपटीहून जास्त, तोही एका घोटात.

सहा आठवड्यांनी ती रक्त द्यायला जाते. गोळी घेऊन दोन-तीन तासांनी नमुना दिला तर टी-३ वर दिसेल, गोळीआधी दिला तर तोच मर्यादेत. फ्री टी-४ दोन्ही वेळा खालच्या बाजूला, कधी मर्यादेखालीही, कारण टी-४ दिलाच कमी आहे. टीएसएच कदाचित अगदी ठीक. ज्याला गोळी कुठली हे ठाऊक नाही तो फ्री टी-४ चा आकडा पाहून मात्रा वाढवेल, आणि धडधड, हात थरथरणं, झोप उडणं यांना दार उघडेल. साठीनंतर त्याची किंमत अनियमित ठोके आणि हाडांची झीज अशी मोजावी लागते. लॅबच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि ती घेतल्याची वेळ लिहिलेली नसेल, तर तो अहवाल वाचायचा तरी कसा?

यात भर पडते बाटली-बाटलीतल्या फरकाची. अमेरिकी औषधसंहितेने कित्येक दशकं या भुकटीची परीक्षा केली ती त्यातल्या आयोडीनवरून, आणि आयोडीन किती हे कळलं म्हणजे संप्रेरक किती हे कळतंच असं नाही. आता टी-४ आणि टी-३ वेगवेगळे मोजतात, आणि दोन्ही लेबलच्या ९० ते ११० टक्क्यांत असले तर चालतात. लेव्होथायरॉक्सिनला २००७ पासून तिथे ९५ ते १०५ टक्के एवढीच मोकळीक आहे. ही सैल मर्यादाही पाळली गेली नाही. २०२० मध्ये असेला कंपनीला ‘एनपी थायरॉइड’च्या काही बॅच परत बोलवाव्या लागल्या, त्यांत टी-३ लेबलच्या ११५ टक्क्यांपर्यंत निघाला. पुढच्याच वर्षी त्याच गोळीच्या काही बॅच उलट कमी भरल्या, लेबलच्या ९० टक्क्यांहूनही खाली. आपल्या उदाहरणातल्या बाईला मात्रा न बदलता एका बाटलीतून १५.५ मायक्रोग्रॅम टी-३ आणि दुसरीतून १२ च्या आसपासच मिळू शकला असता. टीएसएच हलला की दोष तिच्या आहाराला किंवा विसराळूपणाला दिला जातो.

म्हणून गोळी मागणारे खोटं बोलतात असं नव्हे. २०१३ मध्ये वॉल्टर रीडच्या डॉक्टरांनी ७० रुग्णांना सोळा आठवडे एक गोळी आणि सोळा आठवडे दुसरी दिली. कुठली चालू आहे हे रुग्णांना सांगितलं नाही. ४८.६ टक्क्यांनी ग्रंथीची गोळी पसंत केली, १८.६ टक्क्यांनी लेव्होथायरॉक्सिन, बाकीच्यांना फरक वाटला नाही. ग्रंथीच्या गोळीवर वजन सरासरी सव्वा किलोने कमी भरलं. पण लक्षणांच्या प्रश्नावलीत आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत पूर्ण गटाचा फरक निघाला नाही. मला या प्रयोगातून एवढंच दिसतं, की काही जणांना टी-३ ने बरं वाटतं. त्यासाठी डुकराचं ठरलेलं प्रमाण गळ्यात घालून घ्यायची गरज नाही. लेव्होथायरॉक्सिनमध्ये मोजून थोडा कृत्रिम टी-३ घालणं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शक्य आहे.

एका बाबतीत मात्र चर्चेला जागा नाही. गर्भाच्या मेंदूला सुरुवातीच्या महिन्यांत आईचा टी-४ लागतो, टी-३ त्याची जागा घेत नाही. दीड ग्रेनवरच्या बाईला टी-४ मिळतो ५७ मायक्रोग्रॅम, आणि गरोदरपणात तर गरज आणखी वाढते. म्हणून दिवस राहिलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईला अमेरिकन थायरॉइड असोसिएशनही फक्त लेव्होथायरॉक्सिनच सांगते.

बाटली संपते, परतीच्या पाहुण्याचा पत्ता नसतो, आणि सुरतचे डॉक्टर लेव्होथायरॉक्सिनवर आणतात, तेव्हा पहिले दोन आठवडे अंग जड वाटू शकतं. त्याचं गणित साधं आहे: बाहेरचा टी-३ चार-पाच दिवसांत संपतो, तर टी-४ चा साठा भरायला पाच-सहा आठवडे लागतात. ‘इथल्या गोळीने जमत नाही’ असं बहुतेक जण याच पंधरवड्यात ठरवतात. टीएसएचची तपासणी त्यानंतर महिनाभराने असते.