पलीकडच्याला काय ऐकू येतं?

फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापलेले असतात. आवाजाबद्दल फार तर दोन ओळी सापडतात: ‘स्टिरिओ स्पीकर’ आणि ‘ड्युअल माइक नॉइज कॅन्सलेशन’. आपलं बोलणं पलीकडच्या माणसाला कसं ऐकू येणार, हे त्यावरून कळत नाही. फोन वापरणाऱ्यालाही ते कळायला मार्ग नसतो, कारण आपल्या माइकचा आवाज ऐकणारा कान दुसऱ्याचा असतो. त्यामुळे ‘जरा मोठ्यानं बोल’ असं महिनोन्‌महिने ऐकूनही लोक नेटवर्कला दोष देत राहतात.

दुकानात बरेच जण रेकॉर्डरवर दोन वाक्यं बोलून ती ऐकतात आणि माइक चांगला असल्याचं ठरवून टाकतात. ही चाचणी अपुरी आहे. कॉल चालू असताना फोनमध्ये निराळीच प्रक्रिया चालते. तळाचा माइक बोलणं टिपतो आणि वरच्या कडेचा किंवा कॅमेऱ्याजवळचा दुसरा माइक भोवतालचा गलका टिपतो. दोन्हींची तुलना करून फोन गलका कमी करतो आणि उरलेला आवाज आकसून नेटवर्कवर पाठवतो. साध्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं बरंचसं घडत नाही. म्हणून आपलं सिम दुकानातल्या फोनमध्ये घालून खराखुरा कॉल करू देण्याची विनंती करावी.

सिम घातलं की VoLTE चालू होतं का, तेही पाहता येतं. जुन्या २जी कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. ‘स’ची सळसळ बरीचशी याच्या वर असते. बँकेचा कोड सांगताना ‘एस’चा ‘एफ’ होतो, त्याचं मोठं कारण हेच. VoLTE वर सहसा सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पोचतो. मात्र दोन्ही टोकांना तशी सोय हवी. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या फोनबाबत विशेष जपावं. त्यात VoLTE असूनही भारतातल्या कंपनीच्या सिमवर ते चालू होईलच असं नाही. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं ते फक्त ४जीवर, त्यामुळे तिथे VoLTE नसेल तर साधा कॉलच लागत नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. समजा, एक तरुण पुण्यातल्या दुकानातून सोलापूरच्या आत्याला फोन लावतो. ‘आत्या, मी सांगतो ते लिहून घे,’ म्हणत तो ‘एस, एफ, सात, साठ, पी, टी’ अशी अक्षरं आणि आकडे वेगळ्या क्रमानं वाचतो. एकदा दुकानात आणि एकदा रस्त्याकडच्या दारात, रिक्षांच्या आवाजात. दारात उभं राहिल्यावर आत्याला शब्दांची सुरुवात गायब झालेली वाटली किंवा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला, तर फोन गलक्यासोबत बोलणंही कापतोय. मग तो फोनचं खालचं टोक तोंडापासून थोडं दूर नेऊन तेच वाचतो. वयस्कर माणसं फोन बहुधा असाच धरतात आणि कमकुवत माइक इथेच उघडा पडतो.

पुढची परीक्षा स्पीकर चालू करून घ्यायची, आणि खरेदीच्या वेळी बहुतेकांकडून तीच राहून जाते. आत्यानं न थांबता एक ते वीस मोजायचं आणि आठ-नऊच्या सुमारास भाच्यानं मध्येच बोलायला लागायचं. स्पीकरमधला आत्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फोनला तो वजा करावा लागतो. हे नीट जमलं नाही, तर आत्याला स्वतःचेच आकडे मागाहून ऐकू येतात. काही फोन प्रतिध्वनी टाळण्यासाठी एका बाजूचा आवाजच दाबतात. मग भाचा बोलत असताना दहा, अकरा, बारा त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. घरातल्या चौघांनी मिळून बोलायचं असेल, तर असा फोन डोकं उठवतो.

काही बिघडलेलं वाटलं तर तेच सिम जुन्या फोनमध्ये घालून, त्याच जागेवरून, त्याच आत्याला पुन्हा कॉल करावा. जुन्यावर स्वच्छ ऐकू आलं तर दोष बहुधा नव्या फोनचा. दोन्हींवर सारखंच खरखरलं तर जागा किंवा नेटवर्क बदलून पाहावं.

‘स्टिरिओ’ची तपासणी सोपी आहे. अनेक फोनमध्ये कानाशी धरायचा छोटा स्पीकरच दुसरा स्पीकर म्हणून वापरलेला असतो. गाणं लावून तळाच्या स्पीकरवर बोट ठेवावं; आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर दुसरा स्पीकर नावापुरताच आहे. आवाज पूर्ण वाढवून गाण्यासोबत बातम्याही ऐकाव्यात. बोलण्यातली फाट आणि खरखर तिथे चटकन पकडता येते.

शेवटी काच आणि कव्हर. दुकानदार ते बसवून देतो, तेव्हा वरच्या कडेचं किंवा कॅमेऱ्याजवळचं माइकचं बारीक छिद्र झाकलं जाऊ शकतं, आणि काचेची कड कानाच्या स्पीकरवर येते. दोन्ही बसवून झाल्यावर, दुकानातून निघण्याआधी, आत्याला आणखी एक कॉल करावा.