तिसऱ्या पाळीतली उत्तरतालिका

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो मशीन ऑपरेटर आहे. पाळी रात्री ११ ते सकाळी ७. एक वाजता दहा मिनिटं चहा, तीन वाजता अर्धा तास जेवण, पाचला पुन्हा चहा. मुलगा कल्पनेतला आहे, पण ज्या परीक्षेची तो तयारी करतोय ती खरी आहे: महाराष्ट्र पोलीस शिपाई भरती. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी, मग १०० गुणांची लेखी. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. प्रश्न १००, वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद.

सुरुवातीला तो जेवणाच्या सुट्टीतच सराव प्रश्नपत्रिका सोडवायचा. एका हाताने पोळी, दुसऱ्या हातात पेन. २५ पैकी बारा-तेरा बरोबर यायचे आणि तो हिरमुसायचा. मग एके दिवशी दुपारी, झोप पूर्ण झाल्यावर, त्याने चुकलेले तेच प्रश्न पुन्हा सोडवले आणि त्यातले निम्मे सहज सुटले. पहाटे तीन ते पाच हा शरीराच्या घड्याळातला सर्वांत मंद काळ. तापमान उतरलेलं असतं, लक्ष चटकन निसटतं. त्या वेळी ६८ चे ८६ होतात, ‘अयोग्य’ला ‘योग्य’ वाचलं जातं. या चुका अभ्यासाच्या नव्हत्या, झोपेच्या होत्या. त्या वेळी पडलेल्या गुणांवरून तयारी मोजणं म्हणजे तापात वजन करून तब्येत ठरवणं.

म्हणून त्याने काम वाटून घेतलं. सोडवायचं दुपारी, खोलीवर, घड्याळ लावून: २५ प्रश्न, साडेबावीस मिनिटं. तपासायचं रात्री, सुट्टीत. उत्तरतालिकेचं पान त्याने पुस्तकातून कापून काढलं आणि ते कारखान्यातल्या लॉकरमध्येच ठेवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उत्तर शेजारीच छापलेलं असलं की नजर तिकडे जाते, आणि वाचलेलं उत्तर ‘मला हे येत होतंच’ असं वाटायला लावतं. पान हाताशीच नसलं की दुपारी उत्तर स्वतःच काढावं लागतं.

सोडवताना तो आणखी एक गोष्ट करतो. ज्या उत्तराची खात्री नाही, त्याच्यापुढे टिंब देतो. रात्री एकच्या चहाला दहा मिनिटांत फक्त खुणा: बरोबर, चूक. टिंब असलेलं उत्तर बरोबर आलं तरी तो ते चुकलेल्यांत धरतो. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी चारात एक बरोबर येतो. तो गुण पुढच्या वेळी मिळेलच असं नाही.

खरं काम तीन वाजता. डबा संपला की उरलेल्या वीसेक मिनिटांत तो तीनच चुका घेतो. जास्त घेत नाही, कारण चूक कशी झाली हे शोधायला वेळ लागतो. एका रात्रीच्या तीन चुका पाहू.

पहिली. १५० मीटर लांबीची रेल्वे ताशी ५४ किलोमीटर वेगाने ३०० मीटर लांबीचा पूल किती सेकंदांत ओलांडेल? पर्याय १०, २०, ३०, ४०. त्याने २० वर खूण केली होती. तालिकेत ३०. वेग सेकंदाला १५ मीटर, तो त्याने बरोबर काढला होता. मग २० आले कुठून? ३०० ला १५ ने भागून. गाडीची स्वतःची लांबी तो विसरला होता. इंजिन पुलाबाहेर पडलं तरी शेवटचा डबा अजून पुलावरच असतो. अंतर ४५० मीटर, वेळ ३० सेकंद. आता १० हा पर्याय पाहा. तो फक्त गाडीची लांबी धरणाऱ्यासाठी आहे. चुकीचे पर्याय सहसा असे, नेहमीच्या चुकांमधूनच घडवलेले असतात. म्हणून तो वहीत बरोबर उत्तर लिहीत नाही, आपण कोणत्या वाटेने चुकीच्या पर्यायावर पोचलो ते लिहितो: ‘गाडीची लांबी मिळवली नाही.’

दुसरी व्याकरणाची. ‘शिपायाने चोरास पकडले’ या वाक्यातला प्रयोग कोणता? त्याने कर्मणी लिहिलं होतं, कारण कर्त्याला ‘ने’ दिसला. तालिकेत भावे. नुसतं भावे म्हणून पाठ करण्यात अर्थ नाही. त्याने वाक्य बदलून पाहिलं: शिपायाने चोरांना पकडले, शिपायांनी चोरास पकडले. कर्ता बदलला, कर्म बदललं, क्रियापद हललं नाही. म्हणून भावे. ‘शिपायाने काठी उचलली’, ‘शिपायाने दगड उचलला’ इथे मात्र क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, ते कर्मणी. कर्त्याच्या प्रत्ययावर थांबायचं नाही, क्रियापद हलवून पाहायचं, हे त्याला अशा तपासणीत कळलं.

तिसरी चूक त्याची नव्हतीच. ३ वाजून ४० मिनिटांनी घड्याळाच्या काट्यांत किती अंशांचा कोन होतो? त्याचं उत्तर १३०, तालिकेत १५०. त्याने आकृती काढली. मिनिटकाटा आठवर, म्हणजे २४० अंशांवर. तासकाटा तीनवर ९० अंशांवर होता, पण ४० मिनिटांत तो २० अंश पुढे सरकला, म्हणजे ११०. फरक १३०. तालिका तयार करणाऱ्याने तासकाटा तीनवरच रोवून ठेवला होता. बाजारातल्या सरावपुस्तकांत अशा चुका सापडतात आणि रात्री तीनला, थकलेल्या डोक्याने, छापलेलं तेच खरं मानून आपलं बरोबर उत्तर खोडणं फार सोपं असतं. दुसऱ्या रीतीने सोडवूनही तेच आलं तर उत्तर खोडायचं नाही. प्रश्नाला वेगळी खूण करून शिक्षकांना किंवा अभ्यासिकेतल्या जाणत्या मुलांना विचारायचं.

पाचच्या चहाला तो पुस्तक उघडत नाही. सातला सुटल्यावर काही मुलं थेट मैदानावर १६०० मीटर धावायला जातात, काही खोलीवर येऊन पुस्तक घेऊन बसतात. तो झोपतो. शिकलेलं पक्कं होण्यासाठी झोप लागतेच आणि रात्र जागलेल्याची ती आधीच कमी पडते, दिवसाचा उजेड आणि गलका तिला आणखी तोडतो. खिडकीला जाड चादर लावून तो दुपारपर्यंत झोपतो. उठल्यावर पहिली गोष्ट म्हणजे रात्रीच्या त्या तीन प्रश्नांची आकडे बदललेली भावंडं: रेल्वे २०० मीटरची, पूल ४०० मीटरचा, वेग ताशी ७२ किलोमीटर. उत्तर ३० सेकंद आलं, तर चूक खरंच सुटली. ‘समजलं’ असं वाटणं त्याने मोजमापात धरलेलं नाही.

टिंबांचा हिशेब त्याला पुढेही उपयोगी पडणार आहे. पोलीस भरतीच्या लेखीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. लोकसेवा आयोगाच्या गट ‘ब’ आणि ‘क’च्या पूर्वपरीक्षांत मात्र प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. तिथे जाण्यापूर्वी आपल्या सरावपत्रिकांतली टिंबं मोजा. वीस टिंबांमागे चार बरोबर येत असतील, तर मिळालेले चार गुण सोळा चुकांत जातात आणि हाती शून्य उरतं. चारपेक्षा जास्त येत असतील तर खूण करा, कमी येत असतील तर तो प्रश्न सोडून द्या.