अडीचशेचा तास साडेसातशेला का पडतो?

मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन करायचं आहे. ‘किती घ्याल?’ असं गिऱ्हाईक विचारतं आणि छोट्या डिझाइन स्टुडिओचा मालक मनातल्या मनात हिशोब मांडतो: डिझायनरचा पगार चाळीस हजार, महिन्याचे तास १६०, म्हणजे तास अडीचशेला पडला. घाट्याची सुरुवात इथेच होते.

समजा, स्टुडिओत मालक धरून तिघं आहेत. दोन डिझायनरांचे ८० हजार, आणि मालकानं स्वतःला लावलेला पगार ६० हजार. हा पगार बरेच जण धरतच नाहीत. भाडं, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी आणि संगणकांची झीज मिळून वरखर्च ७६ हजार. महिन्याचा एकूण खर्च झाला २ लाख १६ हजार.

आता तास मोजू. डिझायनरच्या १६० तासांपैकी गिऱ्हाइकाच्या बिलात जातील असे ११२ तास निघाले, तरी पुष्कळ. बाकीचे फायली शोधण्यात, शिकण्यात आणि कामाची वाट पाहण्यात जातात. मालकाचा तर बहुतेक वेळ भेटीगाठी आणि वसुलीचे फोन खातात. त्याचे ६४ तास धरू. तिघांचे मिळून २८८ तास. खर्चाला या तासांनी भागलं की एक तास ७५० रुपयांना पडतो. यात नफा अजून आलेलाच नाही.

पाकिटाच्या कामाला ६४ तास लागणार असतील, तर स्टुडिओचा खर्च ४८ हजार. किमतीत २० टक्के नफा हवा असेल, तर खर्चावर २० टक्के चढवून भागत नाही. तसे ५७,६०० होतात आणि नफा किमतीच्या १७ टक्क्यांच्याही आतच राहतो. ४८ हजारांना ०.८० नं भागायचं. उत्तर येतं ६० हजार. फोटोग्राफर आणि नमुना छपाईचा खर्च वेगळा दाखवायचा. नोंदणी असेल तर १८ टक्के जीएसटीही वेगळा लावायचा, तो आपला नव्हेच.

‘दहा टक्के कमी करा’ हे वाक्य यानंतर येतंच. सहा हजार सोडले की बारा हजारांचा नफा थेट निम्मा होतो. म्हणून भाव पाडण्याऐवजी काम कमी करावं: तीनऐवजी दोन कल्पना, चारऐवजी तीन चवींची पाकिटं. दुसरी गळती ‘जरा लोगो मोठा करा’ची. असे १६ तास फुकट गेले की नफा पुरता संपतो. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या किमतीत धरल्या आहेत आणि पुढच्या फेरीला वेगळे पैसे पडतील, हे कोटेशनमध्येच लिहावं.

हे सगळं गणित २८८ या आकड्यावर उभं आहे. प्रत्यक्षात बिलात लागलेले तास २१६ च भरले, तर तोच तास हजाराला पडतो. तेव्हा पुढचं कोटेशन देण्याआधी महिनाभर तिघांच्या तासांची वही ठेवा. दर त्या वहीतून काढा, शेजारच्या स्टुडिओचा ऐकून नको.