हाताची सवय लागते का? तान्ह्याचं रडणं आणि बाबाची रात्र

‘अरे, सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल.’ मुलुंडच्या एका वन-बीएचकेमध्ये रात्री अडीच वाजता आजीने आतल्या खोलीतून दिलेली ही ताकीद. बाळ पाच आठवड्यांचं. आई नुकतीच पाजून आडवी झालेली, आणि बाबा बाळाला छातीशी धरून उभा.

आजीचा हा समज घरोघरी आहे, पण या वयाच्या बाळाला तो लागू पडत नाही. रडलो की उचलतात, म्हणून मुद्दाम रडावं, असा हिशेब पाच आठवड्यांच्या मेंदूला जमत नाही. कॅनडात 1986 साली हंझिकर आणि बार या संशोधकांनी काही पालकांना बाळ रोज निदान तीन तास कडेवर घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. मात्र ज्यांचं तासन् तास रडणं आधीच सुरू झालंय, त्यांच्यात असा फरक नंतरच्या अभ्यासात दिसला नाही. म्हणजे उचलून घेणं हा हमखास उतारा नव्हे; त्याने बाळ बिघडत नाही, एवढं नक्की.

दुसरा समज बाबालाच छळतो: ‘दिवसभर शांत असतं, मी आलो की रडतं.’ आठ-साडेआठला गर्दीच्या लोकलमधून उतरून घरी पोचणाऱ्या माणसाला हे फार लागतं. खरं तर या वयात रडण्याची वेळच बहुधा संध्याकाळ आणि रात्रीची असते. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. ऑफिस सुटण्याची वेळ त्याच सुमारास येते, यात बाबाचा दोष काय?

आता अडीच वाजताचं पाहू. बाळाने मूठ तोंडात घातली आहे का, डोकं वळवून स्तन शोधतंय का, हे आधी बघायचं. ही भुकेची खूण, आणि तसं असेल तर आईला उठवण्याला पर्याय नाही. लंगोट ओला नाही ना? अंगावर झबलं, दुपटं आणि टोपरं एकदम तर नाही? मुंबईच्या दमट हवेत मानेला घाम आला की बाळ चिडतं. पायाच्या बोटाला केस किंवा दोरा गुंडाळला गेला नाही ना, हेही पाहावं. क्वचित घडतं, पण बाळ कळवळून रडतं.

हे सगळं ठीक असेल तर चालायचं. जपानमधल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने 2022 मध्ये 21 बाळांवर हे तपासलं. नुसतं घेऊन बसण्याने रडणं फारसं थांबलं नाही. पाच मिनिटं न थांबता चालल्यावर थांबलं, हृदयाचे ठोके मंदावले, आणि जवळपास निम्मी बाळं झोपली. हॉलपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत दहा पावलं असली तरी चालतं, फक्त चाल एकसारखी हवी.

गोची पुढे होते. बाळ झोपलं म्हणून लगेच गादीवर ठेवलं की टक्क डोळे! गादी गार लागते म्हणून जाग येते, असं आपण धरून चालतो. कुरोदा यांच्या नोंदींत मात्र पाठ टेकण्याआधीच, अंगापासून दूर होताना ठोके वाढलेले दिसले. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं बाळाला धरून बसायचं आणि मग ठेवायचं, असं त्या गटाचं सांगणं. बसायचं ते ताठ खुर्चीत. सोफ्यावर बाळासकट डोळा लागणं धोक्याचं. ठेवताना बाळ पाठीवरच, आणि जवळ उशी-गोधडी नको.

एवढ्यात आजी ग्राइप वॉटरची बाटली आणते. इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये ते तयार केलं, तेव्हा त्यात चक्क अल्कोहोल होतं. आता नसतं, पण पोटातल्या वाऱ्यामुळेच बाळ रडतं याला भक्कम पुरावाही नाही. रडताना हवा गिळली जाते, त्यामुळे पोट फुगणं हा पुष्कळदा रडण्याचा परिणाम असतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. मधाचं बोट तर वर्षभर नाहीच, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. ओवा-बाळंतशेपाची धुरी कितीही सुवासिक असली तरी बंद खोलीतला तो धूरच.

‘बाळं रडायचीच’ हा समज मात्र उलट्या बाजूने फसवतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं, लंगोट ओले होणं कमी होणं, किंवा रडण्याचा आवाज क्षीण वा विचित्र कर्कश होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि काहीच नसताना रडणं थांबेना, बाबाचाच तोल जायला लागला, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं, किंवा आजीला हाक मारावी. चिडून बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.