कुंपणावरून क्षेत्रफळ

जमिनीच्या तुकड्याचं क्षेत्रफळ आत पाऊल न टाकता, फक्त कुंपणाच्या कडेने चालून काढता येतं. ही किमया ग्रीनच्या प्रमेयाची. बंद वक्राभोवतीचं रेषा-संकलन ते आतल्या प्रदेशावरच्या दुहेरी संकलनात बदलतं:

∮ (P dx + Q dy) = ∬ (∂Q/∂x − ∂P/∂y) dx dy

कारण सोपं आहे. प्रदेशाचे बारीक चौकोन पाडा आणि प्रत्येकाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरा. शेजारच्या दोन चौकोनांची सामाईक बाजू एकदा वर, एकदा खाली चालली जाते, म्हणून ती बेरजेतून उडते. उरते फक्त बाहेरची कड.

आता P = 0 आणि Q = x घ्या. उजवीकडच्या कंसात 1 उरतो, म्हणजे निव्वळ क्षेत्रफळ. समजा, प्लॉटचे कोपरे (0,0), (40,0), (50,30), (0,20) मीटरवर आहेत. प्रत्येक बाजूवर x ची सरासरी गुणिले y मधला बदल एवढंच करायचं. पहिल्या बाजूवर y बदलत नाही, म्हणून शून्य. दुसरीवर 45 × 30 = 1350. तिसरीवर 25 × (−10) = −250. चौथीवर x शून्यच. बेरीज 1100 चौरस मीटर. उलट दिशेने चाललात तर उत्तर −1100 येईल. ऋण चिन्ह दिसलं की दिशा चुकली हे ओळखावं.

खरा धोका वेगळा आहे. P = −y/(x²+y²), Q = x/(x²+y²) घेतलं, तर उजवीकडचा कंस सगळीकडे शून्य होतो, तरी आरंभबिंदूभोवतीच्या वर्तुळावर फेरीची बेरीज 2π भरते. आरंभबिंदूवर ही फलं अस्तित्वातच नाहीत, म्हणून तो बिंदू आत असेल तर प्रमेय लागू पडत नाही.