भाड्याने घेतलेलं बहुमत

१ ऑगस्ट २०२० रोजी इथेरियम क्लासिक या क्रिप्टोचलनाच्या नोंदवहीचा शेवटचा मोठा तुकडा एकाएकी बदलला. ३,६९३ ब्लॉक, म्हणजे जवळपास अर्ध्या दिवसाचे व्यवहार बाजूला पडले आणि त्यांच्या जागी दुसरेच आले. सुरुवातीला तर्क असा होता की एखाद्या मोठ्या मायनरचं इंटरनेट तुटलं असावं. तो एकटाच ब्लॉक बनवत राहिला आणि परत जोडला गेल्यावर हा गोंधळ झाला. पुढच्या काही दिवसांत एकेक व्यवहार तपासला गेला तेव्हा कळलं की कुणीतरी सुमारे ५६ लाख डॉलरचा माल लंपास केला आहे.

ही चोरी कशी झाली ते समजायला आधी नोंदवही कशी लिहिली जाते ते पाहावं लागेल. अशा चलनाला बँक नसते. व्यवहार गोळा करून त्यांचा ब्लॉक बनवायचा आणि तो आधीच्या ब्लॉकला जोडायचा, हे काम मायनर म्हणवणारे संगणकवाले करतात. ब्लॉक जोडण्यासाठी एका गणिती कोड्याचं उत्तर शोधावं लागतं. ते हुशारीने सापडत नाही, आकडे बदलत कोट्यवधी वेळा प्रयत्न करत राहावं लागतं. ज्याच्याकडे जास्त संगणनशक्ती त्याला उत्तर लवकर मिळण्याची शक्यता जास्त, आणि ज्याला मिळेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी.

कधी एकाच वेळी दोन साखळ्या तयार होतात. तेव्हा खरी कोणती मानायची? नियम असा आहे की जिच्यात एकूण जास्त काम ओतलेलं आहे ती खरी. सगळे संगणक मागचापुढचा विचार न करता तिच्याकडे वळतात. हल्ला होतो तो नेमका या नियमाच्या आधारानेच. तो करताना नियमभंग कुठेच होत नाही.

इथेरियम क्लासिकच्या हल्लेखोराने काय केलं ते क्रमाने बघू. त्याने ओकेएक्स या एक्स्चेंजवर आधीच पाच खाती उघडून ठेवली होती. तिथे झीकॅश नावाचं दुसरं नाणं भरून, ते विकून त्याने आठ लाखांहून जास्त इथेरियम क्लासिक नाणी घेतली आणि स्वतःच्या पत्त्यांवर काढून नेली. मग त्याने मोठी संगणनशक्ती लावून गुपचूप स्वतःची वेगळी साखळी बनवायला घेतली. ती कुणाला दाखवली नाही. त्याच वेळी उघड साखळीवर त्याने तीच नाणी पुन्हा एक्स्चेंजमध्ये जमा केली. ठरलेले ब्लॉक वर चढेपर्यंत एक्स्चेंज थांबलं, नाणी आल्याची खात्री झाली आणि खातं भरलं. त्याने लगेच ती विकून पुन्हा झीकॅश घेतलं आणि बाहेर काढलं. झीकॅशची साखळी वेगळी, त्यामुळे तो व्यवहार आता कुणालाही मागे फिरवता येणार नव्हता.

एवढं झाल्यावर त्याने लपवलेली साखळी जाहीर केली. तिच्यात एक्स्चेंजला नाणी दिल्याची नोंदच नव्हती. तीच नाणी त्याच्याच दुसऱ्या पत्त्यांवर गेलेली होती. तिच्यातलं काम जास्त भरत असल्यामुळे जगभरचे संगणक तिच्याकडे वळले. एक्स्चेंजच्या हाती काहीच उरलं नाही, हल्लेखोराकडे मात्र नाणीही होती आणि झीकॅशही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहे. बहुमत हाती आलं म्हणून कुणाच्या खात्यातली नाणी उचलता येत नाहीत. त्यासाठी त्या माणसाची खासगी किल्ली लागते आणि ती संगणनशक्तीने मिळत नाही. मनाला येईल तेवढी नवी नाणीही पाडता येत नाहीत. स्वतः केलेला खर्च पुसणं आणि दुसऱ्यांचे व्यवहार अडवून धरणं, एवढंच जमतं. म्हणून धोका मुख्यतः एक्स्चेंजसारख्या, मोठी रक्कम घेऊन लगेच मोबदला देणाऱ्यांना असतो.

एक्कावन्न हा आकडाही जादूचा नाही. बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ लेखात याचा हिशेब आहे. हल्लेखोराकडे ३० टक्के शक्ती असेल तर त्याच्या यशाची शक्यता हजारात एकापेक्षा खाली आणायला पैसे घेणाऱ्याने २४ ब्लॉक थांबावं लागतं. ४५ टक्के असेल तर ३४० ब्लॉक. निम्म्याच्या वर गेला की कितीही थांबून उपयोग नाही, कारण आज ना उद्या तो पुढे जाणारच.

मग ही शक्ती त्याने आणली कुठून? ती चक्क भाड्याने घेतली. मायनर आपली यंत्रं तासांच्या हिशेबाने ज्यांना भाड्याने देतात असे बाजार आहेत. बिटक्वेरी या विश्लेषण कंपनीच्या अंदाजाने त्याने १७.५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे १ लाख ९२ हजार डॉलर त्यासाठी मोजले. शिवाय त्याची साखळी मान्य झाल्यामुळे तिच्यातल्या ब्लॉकांचं बक्षीसही त्यालाच मिळालं. तेव्हा ब्लॉकमागे ३.२ नाणी मिळत, म्हणजे साडेतीन हजारांवर ब्लॉकांची अकरा हजारांपेक्षा जास्त नाणी. सात डॉलरच्या आसपासच्या भावाने जवळपास ८० हजार डॉलर परत आले.

इतकं स्वस्तात हे जमलं, कारण इथेरियम क्लासिकचं कोडं आणि तेव्हाच्या मोठ्या इथेरियमचं कोडं एकाच प्रकारचं होतं. तीच ग्राफिक्स कार्डं दोन्हीकडे चालत. धाकट्या साखळीची एकूण शक्ती थोरलीच्या मानाने अगदीच किरकोळ, त्यामुळे थोरलीकडची थोडीशी यंत्रं काही तासांसाठी वळवली की काम झालं. यंत्रवाल्यांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं. त्यांना भाडं मिळालं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा इथेरियमवर.

बिटकॉइनवर हा डाव का बसत नाही, ते यातूनच उलगडतं. नाण्याला भाव असला की बक्षीस मोठं होतं आणि बक्षिसाच्या ओढीने मायनर येत राहतात. वीज आणि यंत्रांचा खर्च बक्षिसाच्या जवळ पोचेपर्यंत ही भर थांबत नाही. एप्रिल २०२४ पासून बिटकॉइनमध्ये ब्लॉकमागे ३.१२५ नाणी मिळतात, दिवसाला साधारण ४५०. रोज एवढ्या किमतीची स्पर्धा जिथे चालू आहे तिथे निम्म्याहून जास्त व्हायचं तर तितकाच खर्च आपणही करायला हवा. भाड्याच्या बाजारात एवढी यंत्रं मिळतच नाहीत, म्हणजे विकतच घ्यावी लागणार. नेटवर्कची शक्ती सेकंदाला ६०० एक्साहॅश धरली आणि २०० टेराहॅश क्षमतेचं, साडेतीन किलोवॅट वीज खाणारं यंत्र धरलं, तर नुसती बरोबरी करायला तीस लाख यंत्रं लागतात आणि १०,५०० मेगावॅट वीज. कोयनेचा सगळा प्रकल्प पूर्ण ताकदीने चालला तरी १,९६० मेगावॅट देतो.

त्यातही ही यंत्रं फक्त बिटकॉइनच्याच प्रकारचं कोडं सोडवतात. हल्ला केला, विश्वास गेला, भाव कोसळला, तर तीस लाख यंत्रं भंगारात. ग्राफिक्स कार्डवाल्या भाडेकरूला ती भीती नसते. मोठ्या नेटवर्कचं संरक्षण आकारापेक्षाही इथे जास्त आहे, असं मला वाटतं.

धोका तिथे उरतो तो वेगळ्या वाटेने. बरेच मायनर एका पूलच्या छत्राखाली काम करतात. २०१४ मध्ये जीहॅश नावाचा पूल बिटकॉइनच्या निम्म्या शक्तीजवळ पोचला तेव्हा कुणी काही विकत घेतलेलं नव्हतं. मायनर स्वतःहून बाहेर पडले म्हणून तो प्रसंग टळला.

इथेरियम क्लासिकवर त्याच ऑगस्टमध्ये आणखी दोनदा हल्ला झाला. नंतर उशिरा उघड झालेल्या साखळीकडून जास्त कामाची अपेक्षा करणारा नियम बसवला गेला. पण मोठा बदल सप्टेंबर २०२२ मध्ये झाला, तोही दुसऱ्याच घरात. इथेरियमने मायनिंग बंद केलं, तिथली ग्राफिक्स कार्डं रिकामी झाली आणि त्यातली बरीच इकडे आली. क्लासिकची शक्ती कित्येक पटींनी वाढली, आणि तिला गिळू शकेल अशी त्याच यंत्रांवर चालणारी थोरली साखळी आता उरलेली नाही.